निकालानंतरची गाणी

पूर्व परीक्षेचा निकाल लागला आणि यादीत माझा क्रमांक नव्हता. त्या रात्री माझ्या मोबाइलवर मैत्रिणींनी पाठवलेली गाणी येऊ लागली. कोणी एक पाठवले, कोणी पाच पाठवली, आणि एकीने तर ४१ गाण्यांची तयार यादीच पाठवून खाली लिहिले, "हे ऐक आणि उद्यापासून पुन्हा लाग." त्यामागची माया मला कळत होती. तरीही पुढचे चार महिने ही गाणी ऐकण्यात, टाकण्यात आणि बदलण्यात गेले, आणि शेवटी एकच गाणे माझ्याजवळ टिकले. पुन्हा परीक्षेला बसायचे की नाही, हे ठरवण्याच्या काळात गाण्यांनी माझ्यावर नेमके काय केले, कोठे साथ दिली आणि कोठे फसवले, एवढेच येथे लिहिते आहे. पुन्हा बसावे की बसू नये, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

पहिला आठवडा त्या ४१ गाण्यांचा होता. त्यांतली बहुतेक गाणी द्रुत लयीतली, मोठ्या वाद्यमेळाची आणि शेवटाकडे स्वर चढत जाणारी होती. रात्री दहाच्या सुमारास दिवा मालवून, कानांत हेडफोन घालून मी ती ऐकत असे. तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत अंगावर काटा येई, मी उठून बसे, दिवा लावी आणि नवे वेळापत्रक लिहायला घेई. अशी सहा वेळापत्रके माझ्या वहीत आजही आहेत. सर्वांत रोजचा अभ्यास चौदा तासांचा आहे, सर्वांची सुरुवात पहाटे साडेचारला होते आणि एकाचेही पालन एक दिवससुद्धा झालेले नाही. सकाळी जाग येई ती आठ वाजता आणि आदल्या रात्रीपेक्षा जड मनाने, कारण आता परीक्षेतल्या अपयशात वेळापत्रक मोडल्याच्या अपयशाची भर पडलेली असे.

याचे कारण माझ्या लक्षात आले ते सातव्या-आठव्या दिवशी, आणि तेही गाण्यांचे शब्द कागदावर उतरवून काढल्यामुळे. ही गाणी जवळजवळ सर्व जिंकून झाल्यानंतरच्या जागेवरून गायलेली होती. पहिल्या अंतऱ्यात पडणे, दुसऱ्या अंतऱ्यात शिखर, आणि मधल्या वर्षाच्या वाट्याला वाद्यांचा दहा सेकंदांचा तुकडा! ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर प्रश्नपत्रिका कधीच आली नाही. समोर यायची ती यादी, तिच्यातले माझे नाव, घरच्यांचे चेहरे आणि ज्यांनी खोचक विचारणा केली होती त्यांचे चेहरे. म्हणजे गाणे मला अभ्यासाची नव्हे, निकालाची आठवण करून देत होते. जोश खरा होता, पण तो ज्या कामासाठी येत होता ते काम त्या खोलीत, त्या वेळी करता येण्यासारखेच नव्हते. तेव्हापासून उत्साहाचे कोणतेही गाणे मी एका साध्या कसोटीवर पाहते. गाणे संपल्यावर हात पुस्तकाकडे जातो की वेळापत्रकाकडे? वेळापत्रकाकडे गेला तर ते गाणे माझ्या कामाचे नाही.

त्यानंतर मी उलट्या टोकाला गेले. उत्साहाची गाणी खोटी वाटू लागली म्हणून मी विलंबित, उदास गाणी लावू लागले आणि पहिले दोन दिवस खरोखर बरे वाटले. निकालापासून मी रडले नव्हते, ती या गाण्यांनी रडले. पण चौथ्या-पाचव्या दिवशी एक वेगळीच गोष्ट घडू लागली. मी एकच गाणे पुन्हा पुन्हा लावत होते, आणि प्रत्येक वेळी मनात तीच गोष्ट सुरुवातीपासून सुरू होत होती: परीक्षागृहात मी कोणत्या प्रश्नाला उत्तर बदलले, कोणता विषय शेवटच्या महिन्यात टाळला, कोणाचे ऐकायला हवे होते. दुःखाचे गाणे केव्हा मोकळे करते आणि केव्हा गुंतवते, हे ओळखण्याची माझी खूण अशी की, मोकळे करणारे गाणे संपल्यावर श्वास लांब होतो आणि थोडा वेळ काहीच ऐकावेसे वाटत नाही. गुंतवणारे गाणे संपत आले की बोट आधीच 'पुन्हा लावा' या खुणेवर गेलेले असते. त्या आठवड्यात एका दुपारी मी एकच गाणे अकरा वेळा ऐकले. मोबाइलने तो आकडा दाखवला नसता तर माझा विश्वास बसला नसता.

या दोन टोकांच्या मधली वाट मला वाचनात सापडली. आयरा आल्टशुलर या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९४० च्या दशकात रुग्णांसाठी संगीत वापरताना एक तत्त्व मांडले, ज्याला संगीतोपचारात 'आयसो' तत्त्व म्हणतात. त्याचा गाभा असा की, माणसाची मनःस्थिती ज्या लयीची आणि ज्या भावाची असेल, त्याच्याशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करायची आणि मग संगीत थोडे थोडे बदलत त्याला हव्या त्या स्थितीकडे न्यायचे. खचलेल्या माणसापुढे एकदम ढोल वाजवला तर तो संगीताबाहेरच राहतो, आणि उदास संगीतातच ठेवला तर जेथे आहे तेथेच राहतो. हे वाचताना मला माझे दोन्ही आठवडे एका वाक्यात सांगितल्यासारखे वाटले.

मग मी ४१ ऐवजी तीन गाण्यांचा क्रम लावला. पहिले संथ, जवळजवळ बोलण्याच्या लयीतले, ज्यात हरल्याची कबुली होती पण स्वतःला शिव्या नव्हत्या. दुसरे मध्यलयीतले, ज्याचे शब्द मला फारसे लागत नव्हते पण ठेका चालण्याच्या गतीचा होता. ते लागले की मी उठून खोलीत चालू लागे. तिसरे त्याहून किंचित चढे, मात्र जिंकल्याची घोषणा नसलेले. तिन्ही मिळून साधारण चौदा मिनिटे होत. क्रम बसवायला मला तीन दिवस लागले, कारण दुसरे गाणे चुकत होते. पहिल्यानंतर लगेच वेगवान गाणे आले की मनाला झटका बसे आणि मी पहिल्यावर परत जाई. एका गाण्यावरून दुसऱ्यावर जाताना मागे फिरावेसे वाटले नाही तर उतार बरोबर बसला, असे मी धरले. या क्रमाने मी सकाळी अंथरुणातून उठून टेबलापर्यंत येऊ लागले, हे त्याचे श्रेय आहे. पण टेबलाशी आल्यावर काय करायचे, हे तिन्हींपैकी एकाही गाण्याला सांगता येत नव्हते.

ते सांगणारे गाणे आत्याकडून आले. ती निकालानंतर महिन्याने भेटायला आली होती. तिने धीर वगैरे दिला नाही. मी चहाचे कप विसळत असताना ती आपल्याशीच गुणगुणत होती, आणि त्यातला 'अभ्यास' हा शब्द ऐकून मी नळ बंद केला. तुकाराम महाराजांचा तो अभंग होता:

ओले मूळ भेदी । खडकाचे अंग ।
अभ्यासासी सांग । कार्यसिद्धी ॥

शाळेत हा अभंग सुविचारासारखा फळ्यावर लिहिलेला पाहिला होता, त्यामुळे त्याच्याकडे गाणे म्हणून कधी लक्षच गेले नव्हते. आत्याने तो पूर्ण म्हटला आणि मी म्हणाले, "आत्या, अभ्यासाला कार्यसिद्धी सांग, म्हणजे काय गं? कोणाला सांगायचं?" ती हसली. "अगं, सांगणं नव्हे ते. 'सांग' म्हणजे अंगांसकट, पुरेपूर. सांगोपांग म्हणतो ना आपण, त्यातला सांग. अभ्यास केला की काम पुरतेपणी तडीला जातं, असं आहे ते." इतकी वर्षे मी त्या ओळीत एक आज्ञा ऐकत होते, आणि तेथे आज्ञा नव्हतीच. माझ्या यादीतली ४१ गाणी मला 'ऊठ', 'लढ', 'जिंक' असे म्हणत होती. या अभंगात मला कोणीच काही करायला सांगत नाही. मूळ खडकात शिरते, एवढे दाखवून तो पुढे जातो. ज्या दिवसांत प्रत्येक जण मला काही ना काही करायला सांगत होता, त्या दिवसांत हे मला फार मोठे सुख वाटले.

अभंग गाता यावा म्हणून आत्याने मला त्याची मोजणी शिकवली. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते: अंग, सांग. सहा, सहा, सहा अशी चाल पडत जाते आणि चौथ्या चरणाला दोन अक्षरे कमी पडतात. त्या रिकाम्या जागेत श्वास घ्यायचा. ऐकताना हे कळत नाही, गाताना कळते. ऐकलेले गाणे माझ्यावर येऊन आदळत असे, आणि गायलेल्या गाण्याला माझाच श्वास लागत होता. चारही कडवी सावकाश म्हणायला मला तीन-साडेतीन मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात श्वास आपोआप लांब होतो, कारण सहा अक्षरे ओढायची तर तो लांब करावाच लागतो. माझा गळा बेताचाच आहे. दार लावून घेतले की तो प्रश्न मिटतो.

आणखी एक फायदा मी धरलाच नव्हता. गाणे लावण्यासाठी मोबाइल हातात घेतला की गाण्यामागून दुसरेच काहीतरी येत असे. चौदा मिनिटांचा क्रम कित्येकदा तासावर जात असे, आणि त्या तासात इतरांच्या यशाच्या मुलाखतीही ओघाने पाहून होत. अभंग मी एका कागदावर हाताने लिहून घेतला आणि सकाळचा मोबाइल कपाटात ठेवला. प्रोत्साहनाचे गाणे मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी आपला वेळ एकदा घड्याळ लावून मोजावा, असे मी म्हणेन. मला माझा आकडा पाहून लाज वाटली होती.

खरे काम मात्र तिसऱ्या कडव्याने केले:

दोरे चिरा कापे । पडिला काचणी ।
अभ्यासे सेवनी । विष पडे ॥

चिरा म्हणजे घडीव दगड. विहिरीच्या काठावर दोर रोज घासतो आणि दगडाला खाच पडते. ते घासणे म्हणजे काचणी. हे कडवे काही दिवस म्हटल्यावर माझ्या मनात एक शंका उभी राहिली. दोर दगड कापतो तो एकाच जागी घासतो म्हणून. तोच दोर रोज वेगळ्या जागी टाकला तर वर्षभराने दगड जेमतेम गुळगुळीत होईल. माझा पहिला प्रयत्न कसा होता? मी चौदा महिने अभ्यास केला होता, हे खरे. पण दोर एका जागी घासत होता का? हा प्रश्न मला पडेपर्यंत मी उत्तरतालिका उघडली नव्हती. निकालाला सहा आठवडे झाले होते.

त्या दिवशी उघडली. परीक्षेत शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्या दोन गुणांच्या एक तृतीयांश वजावट, असा हिशेब होता. मी ८८ प्रश्न सोडवले होते. ५१ बरोबर, ३७ चूक. बरोबर उत्तरांचे १०२ गुण आणि वजावट २४.६७, म्हणजे हाती ७७.३३. कटऑफ ८३ वर लागला होता. मी ५.६७ गुणांनी मागे राहिले होते, आणि निकालापासून त्या दिवसापर्यंत मी स्वतःला 'आपल्याला काहीच येत नाही' असे सांगत होते.

मग त्या ३७ चुकांपुढे मी पेन्सिलीने खुणा केल्या. प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचून स्वतःला विचारले की हे मला माहीत नव्हते, अर्धवट माहीत होते, की माहीत असून वाचनात चुकले. सहा प्रश्न वाचनातल्या चुकीचे निघाले. तेरा प्रश्नांत दोन पर्याय बाद करून उरलेल्या दोनांत मी चुकले होते. उरलेल्या अठरा प्रश्नांविषयी मला त्या दिवशीही काही माहीत नव्हते आणि परीक्षेच्या दिवशीही नव्हते. तरी मी गोल रंगवले होते. त्या अठरांतले दहा जरी कोरे सोडले असते तरी वजावट ६.६७ ने कमी होऊन गुण बरोबर ८४ झाले असते. हे गणित मी तीन वेळा केले. गंमत अशी की, सराव चाचण्यांत मी सहसा ७२ ते ७६ प्रश्नच सोडवत असे. परीक्षेच्या दिवशी ८८ कसे झाले?

याचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही. परीक्षेच्या दिवशी माणूस नुसत्या धास्तीनेही जास्त गोल रंगवतो. पण त्या सकाळी केंद्रावर जाताना मी तासभर हेडफोन लावून जोशाची गाणी ऐकत गेले होते, हे मला स्पष्ट आठवते, आणि आत जाताना 'आज एकही प्रश्न सोडायचा नाही' असे मनाशी म्हणाले होते, हेही आठवते. ते वाक्य माझे नव्हते. एका गाण्याच्या ध्रुवपदाचा तो ढळढळीत अनुवाद होता. गाण्याने मला नापास केले असा आरोप मी करणार नाही. मात्र जेथे चुकीला दंड आहे अशा परीक्षेच्या तोंडावर 'मागे हटू नको' असे सांगणारे गाणे ऐकणे हा शहाणपणा नव्हता, कारण त्या परीक्षेत ठरावीक प्रश्नांवर मागे हटणे हेच कौशल्य असते.

आता निर्णयाविषयी. पुन्हा बसायचे, हे मी या काळात तीनदा ठरवले आणि तीनदा मोडले. तीनही वेळा ते गाणे ऐकता ऐकता ठरले होते. म्हणून चौथ्या वेळी मी स्वतःसाठी एक बंधन घातले: गाणे, मग ते अभंग असले तरी, संपल्यानंतर निदान अर्धा तास जाऊ द्यायचा, आणि निर्णयाचा विचार फक्त त्या खुणा केलेल्या उत्तरपत्रिकेसमोर बसून करायचा. गाण्याच्या भरात 'हो' येत असे आणि अर्ध्या तासाने 'बघू' येत असे. तो फरक नाहीसा झाला तरच 'हो' खरा धरायचा. ओळीने दहा सकाळी मी अर्ध्या तासानंतरचे उत्तर त्याच कागदाच्या मागे एका शब्दात लिहिले. दहांपैकी सात 'हो', दोन 'बघू' आणि एक 'नाही' असे निघाले. 'नाही' ज्या दिवशी आले त्या दिवशी मी आदल्या रात्री नीट झोपले नव्हते, पण ते खोडले नाही, कारण एका वर्षाचा खर्च आणि घरच्यांचा धीर या दोन्ही गोष्टी त्या दिवशी मला सर्वांत स्पष्ट दिसल्या होत्या. त्या 'नाही'मुळेच मी अर्धवेळ शिकवण्याचे काम धरूनच दुसरा प्रयत्न करायचा, असे ठरले. कोणतेही गाणे मला या अटीपर्यंत आणू शकले नसते.

अभंगाचीही मर्यादा येथेच येते आणि ती मी नजरेआड करू शकत नाही. खडकाला स्पर्धा नसते. मूळ शिरले की शिरले. हजार मुळांपैकी दहांनाच जागा द्यायची, असे खडक ठरवत नाही. परीक्षेत जागा मोजक्या असतात, आणि माझा अभ्यास पुरता झाला तरी दुसऱ्या कोणाचा त्याहून अधिक झालेला असू शकतो. अभंग अभ्यासाविषयी बोलतो, क्रमांकाविषयी बोलत नाही. त्याच्याकडून क्रमांकाचे आश्वासन काढून घेतले की तो माझ्या त्या ४१ गाण्यांतलाच एक होऊन बसतो. शेवटच्या कडव्यात पोटातल्या बाळाला बसायला जागा एकाएकी मिळत नाही, असा दाखला आहे. त्या दाखल्यावर मी जितके दिवस अडखळले, तितके दुसऱ्या कशावर नाही, कारण मला सगळे एकाएकीच हवे होते. दुसरा प्रयत्न म्हणजे पहिल्याच प्रयत्नाचा जागा करत गेलेला पुढचा भाग, असे धरले तेव्हाच कोरे गोल सोडण्याचा सराव करायला मन तयार झाले.

निर्णय झाल्यावर अभ्यासाच्या वेळी गाणी लावायची की नाही, हा प्रश्न उरला होता. मी शब्दांची गाणी लावून वाचणारी होते आणि त्याने एकाग्रता वाढते, अशी माझी पक्की समजूत होती. पिअर सालामे आणि ॲलन बॅडली यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, क्रमाने दाखवलेले अंक लक्षात ठेवताना मागे गायन चालू असेल तर नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा अधिक चुका होतात, असे आढळले होते. अंकांचे खरे तर माझ्या उताऱ्यांचे काय, असे म्हणून मी स्वतःवरच पडताळा घेतला. सारख्या काठिण्याचे आकलनाचे पंचवीस प्रश्न गाणी लावून आणि पंचवीस शांततेत, असे चार दिवस, आलटून पालटून. गाणी लावून माझे सरासरी पंधरा बरोबर येत, शांततेत एकोणीस. गणिताच्या आकडेमोडीत फरक जवळजवळ नव्हता. उताऱ्याचे शब्द आणि गाण्याचे शब्द एकाच दारातून आत शिरू पाहतात, असे काहीसे होत असावे; वाचताना मी ओळीच्या शेवटी येई आणि डोक्यात गाण्याची ओळ पुरी झालेली असे. तेव्हापासून वाचनाला शांतता आणि आकडेमोडीला, फारच कंटाळा आला तर, शब्द नसलेले वादन, असे चालू आहे.

राहिली ती डोक्यात अडकून बसणारी ओळ. अभंग रोज म्हणू लागल्यावर सराव चाचणीत मधेच 'खडकाचे अंग, खडकाचे अंग' असे सुरू होऊ लागले, आणि दोन चाचण्या त्याने नासल्या. मला उपयोगी पडले ते एवढेच की सकाळी अभंग अर्धवट सोडायचा नाही, शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणायचा. आणि चाचणीत ओळ आलीच तर तिच्याशी झगडण्याऐवजी मनात पुढचे चरण म्हणून ती पुरी करायची. पुरी केली की बहुधा थांबते. चाचणीच्या दिवशी मात्र अभंग आदल्या संध्याकाळीच म्हणते, सकाळी काहीच नाही.

परीक्षा आता पाच आठवड्यांवर आहे. गेल्या आठ सराव चाचण्यांत मी ७० ते ७७ या दरम्यानच प्रश्न सोडवले आहेत आणि काहीच माहीत नसताना रंगवलेले गोल अठरावरून चारावर आले आहेत. ते चार का होतात, हे मी शोधते आहे. दोन तरी शेवटच्या दहा मिनिटांतले असतात. मैत्रिणीने परवा नवी गाणी पाठवली, बावीस आहेत. तिला लिहिले की परीक्षा झाल्यावर संध्याकाळी ऐकेन, निकाल काय लागायचा तो लागो, आणि हेडफोन आत्याच्या घरी ठेवून आले.